फोन फोटोतला कोपरा कसा ओळखतो? ५×५ पिक्सेलवर हाताने सोडवलेलं गणित

पॅनोरमा काढताना तुम्ही फोन हळूहळू फिरवता आणि फोन एकामागून एक फ्रेम जोडत जातो. व्हिडिओ स्टॅबिलायझेशनमध्ये हात हलला तरी चित्र स्थिर राहतं. या दोन्ही कामांत फोनला एकच प्रश्न सोडवायचा असतो: आधीच्या फ्रेममधला हा बिंदू पुढच्या फ्रेममध्ये नेमका कुठे गेला? प्रत्येक पिक्सेलसाठी हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आधी असे बिंदू निवडावे लागतात, जे पुन्हा नीट ओळखता येतील. अशा बिंदूंना कॉर्नर म्हणतात.

मी कामावर व्हिडिओ स्टॅबिलायझेशनचा कोड लिहितो, आणि नवीन मुलं टीममध्ये आली की त्यांना हे गणित आधी कागदावर करायला लावतो. लायब्ररीत हे एका ओळीत होतं, पण ती ओळ चुकीचे बिंदू द्यायला लागली की कागदावरचं गणितच कामी येतं. आज तेच करू. बेरीज, गुणाकार आणि एक वर्गमूळ, एवढंच लागेल.

कोपराच का?

एका कागदाला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा आणि त्यातून दाराची चौकट बघा. भोकातून फक्त चौकटीची उभी कडा दिसत असेल, तर कागद वरखाली सरकवला तरी दृश्य तसंच राहील. डावीकडे-उजवीकडे सरकवला तर मात्र कडा सरकलेली लगेच कळेल. म्हणजे कडेवरच्या बिंदूची अर्धीच माहिती मिळते. भोकातून कोरी भिंत दिसत असेल तर काहीच कळत नाही. आणि चौकटीचा कोपरा दिसत असेल, तर कागद कुठल्याही दिशेला सरकवा, फरक दिसणारच.

यातून व्याख्या तयार होते. कोपरा म्हणजे अशी जागा, जिथे छोटी खिडकी कुठल्याही दिशेला थोडी सरकवली तरी आतलं चित्र बदलतं. "कुठल्याही दिशेला" हे शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यांच्यासाठीच आहे.

आपला छोटा पॅच

खाली ५×५ पिक्सेलचा तुकडा आहे. ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे थोडा उजळ. उजवीकडे खाली एका उजळ चौकोनाचा कोपरा आहे.

```
०  ०  ०  ०  ०
०  ०  ०  ०  ०
०  ०  १०  १०  १०
०  ०  १०  १०  १०
०  ०  १०  १०  १०
```

आता मधल्या ३×३ पिक्सेलसाठी ग्रेडियंट काढायचा. ग्रेडियंट म्हणजे उजळपणाचा उतार. आडवा उतार gx म्हणजे उजव्या शेजाऱ्यातून डावा शेजारी वजा. उभा उतार gy म्हणजे खालच्या शेजाऱ्यातून वरचा वजा. बाहेरच्या चौकटीतल्या पिक्सेलना सगळे शेजारी नाहीत, म्हणून ते फक्त वजाबाकीसाठी वापरायचे. (पुस्तकात बऱ्याचदा या फरकाला दोनने भागतात. त्याने सगळी उत्तरं सारख्याच प्रमाणात लहान होतात, निकाल बदलत नाही. आपण भागणार नाही.)

उदाहरणार्थ, बरोबर मधला पिक्सेल घ्या. त्याच्या उजवीकडे १०, डावीकडे ०, म्हणून gx = १०. खाली १०, वर ०, म्हणून gy सुद्धा १०. असं नऊही पिक्सेलचं केलं की हे मिळतं:

```
gx:              gy:
०   ०   ०         ०  १०  १०
१०  १०  ०         ०  १०  १०
१०  १०  ०         ०   ०   ०
```

gx मध्ये चौकोनाची उभी कडा दिसते, gy मध्ये आडवी. दोन्ही कडा फक्त मधल्या पिक्सेलवर एकत्र येतात.

तीन बेरजा, एक मॅट्रिक्स

आता या नऊ पिक्सेलवरून तीनच आकडे काढायचे.

पहिला a: सगळ्या gx चे वर्ग करून बेरीज. चार ठिकाणी १० आहे, म्हणजे ४ × १०० = ४००.
दुसरा c: सगळ्या gy च्या वर्गांची बेरीज. इथेही चार ठिकाणी १०, म्हणून ४००.
तिसरा b: प्रत्येक पिक्सेलवर gx गुणिले gy, आणि त्यांची बेरीज. दोन्ही शून्य नाहीत असा पिक्सेल एकच, मधला. म्हणून १००.

हे तीन आकडे मॅट्रिक्समध्ये असे बसतात:

```
M = | a  b |  =  | ४००  १०० |
    | b  c |     | १००  ४०० |
```

वर्ग का करायचे? समजा खिडकी आडवी u आणि उभी v इतकी थोडीशी सरकवली. एखाद्या पिक्सेलचा उजळपणा साधारण gx·u + gy·v इतका बदलेल. काही पिक्सेल वाढतील, काही कमी होतील, आणि ते एकमेकांना खोडू नयेत म्हणून प्रत्येक बदलाचा वर्ग करून बेरीज घ्यायची. तो वर्ग उलगडला की एकूण बदल असा येतो:

```
E(u, v) = a·u² + 2·b·u·v + c·v²
```

बघा, खिडकी कुठल्याही दिशेला सरकवा, उत्तरासाठी हेच तीन आकडे पुरतात. नऊ पिक्सेलची सगळी गोष्ट a, b, c मध्ये आली.

एक नावाची गंमत. या M ला बरेच जण ग्रेडियंटचं कोव्हेरियन्स मॅट्रिक्स म्हणतात, पण खऱ्या कोव्हेरियन्समध्ये आधी सरासरी वजा करतात, इथे करत नाहीत. ते मुद्दाम आहे. समजा पॅचमध्ये उजळपणा डावीकडून उजवीकडे ०, ५, १०, १५, २० असा एकसारखा चढत जातो. मग नऊही ठिकाणी gx = १० आणि a = ९००. सरासरीही १० च आहे. ती वजा केली तर सगळं शून्य होईल, आणि हा चढ आपल्याला कोऱ्या भिंतीसारखा वाटेल. म्हणून सांख्यिकीच्या लायब्ररीतलं तयार कोव्हेरियन्स फंक्शन इथे वापरू नका, सरळ बेरजाच करा.

आयगेनव्हॅल्यू म्हणजे सर्वात वाईट आणि सर्वात चांगली दिशा

आता खिडकी बरोबर एक पिक्सेल सरकवायची, पण दिशा आपण निवडायची. प्रत्येक दिशेला E वेगळा येईल. त्यातला सर्वात मोठा E आणि सर्वात लहान E म्हणजेच M च्या दोन आयगेनव्हॅल्यू. २×२ मॅट्रिक्ससाठी त्या काढायचं सूत्र सोपं आहे:

```
λ = (a + c)/2 ± √( ((a − c)/2)² + b² )
```

आपले आकडे टाका. (४०० + ४००)/२ = ४००. वर्गमुळात ० + १०० चा वर्ग, म्हणजे बाहेर १००. म्हणून λ₁ = ५०० आणि λ₂ = ३००.

पडताळून बघू. सरळ उजवीकडे सरकवलं तर u = १, v = ०, E = ४००. तिरकं खाली-उजवीकडे सरकवलं तर u आणि v दोन्ही १/√2, आणि E = (४०० + २०० + ४००)/२ = ५००. तिरकं वर-उजवीकडे गेलो तर v ऋण होतो, मधलं पद वजा होतं, E = (४०० − २०० + ४००)/२ = ३००. यापेक्षा कमी कुठल्याच दिशेला येत नाही. म्हणजे सर्वात वाईट दिशेलाही चित्र ३०० ने बदलतं. हा पक्का कोपरा.

खरी परीक्षा: तिरकी कडा

इथे बरेच जण विचारतात की एवढं कशाला? आडवा उतार आहे का, उभा उतार आहे का, दोन्ही असले की कोपरा, झालं! हे का चालत नाही ते बघण्यासाठी आधी सरळ उभी कडा घेऊ. प्रत्येक ओळ ०, ०, १०, १०, १०. मग gx सहा ठिकाणी १०, gy सगळीकडे शून्य. a = ६००, b = ०, c = ०. आयगेनव्हॅल्यू ६०० आणि ०. कडेच्या दिशेने सरकलं तर काहीच बदलत नाही, हे त्या शून्यातून दिसतं. इथे सोपी युक्तीही बरोबर उत्तर देते, कारण c शून्य आहे.

आता कडा तिरकी करा:

```
०  ०  ०  ०  १०
०  ०  ०  १०  १०
०  ०  १०  १०  १०
०  १०  १०  १०  १०
१०  १०  १०  १०  १०
```

मधल्या ३×३ मध्ये gx आणि gy दोन्ही एकसारखेच येतात:

```
gx = gy:
०   १०  १०
१०  १०   ०
१०   ०   ०
```

पाच ठिकाणी १०. म्हणून a = ५००, c = ५००. दोन्ही आकडे आपल्या खऱ्या कोपऱ्याच्या ४०० पेक्षाही मोठे! सोपी युक्ती म्हणेल, काय मस्त कोपरा आहे. पण b बघा: प्रत्येक ठिकाणी gx आणि gy सोबतच येतात, म्हणून b सुद्धा ५००. सूत्रात टाका: ५०० ± ५००, म्हणजे १००० आणि ०. लहान आयगेनव्हॅल्यू पुन्हा शून्य. ही निव्वळ कडा आहे, फक्त ४५ अंशात वळलेली.

सगळा फरक b ने केला. खऱ्या कोपऱ्यात आडवा आणि उभा उतार बहुतेक वेगवेगळ्या पिक्सेलवर होते, म्हणून b लहान. तिरक्या कडेत दोन्ही उतार त्याच पिक्सेलवर, म्हणून b मोठा. आयगेनव्हॅल्यू हे आपोआप सांभाळते, आणि फोन तिरका धरला तरी उत्तर बिघडत नाही. १९८० च्या आसपास हान्स मोराव्हेक यांनी रोबोटसाठी केलेल्या जुन्या पद्धतीत खिडकी मोजक्याच ठरावीक दिशांना सरकवून बघत. त्यात नसलेल्या कोनातली कडा तिथे कोपऱ्यासारखी वाटायची. ख्रिस हॅरिस आणि माईक स्टीफन्स यांनी १९८८ साली वरचं मॅट्रिक्स वापरून सगळ्या दिशा एकदम घेतल्या.

शेवटचा निर्णय: दोन नियम

दोन आयगेनव्हॅल्यू हातात आल्या, आता एकच गुण द्यायचा आहे. जियानबो शी आणि कार्लो टोमासी यांनी १९९४ साली सरळ नियम मांडला: लहान आयगेनव्हॅल्यू हाच गुण. ती ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर कोपरा. आपला कोपरा ३००, दोन्ही कडा ०.

हॅरिस यांचा नियम वर्गमूळ टाळतो:

```
R = (a·c − b²) − k·(a + c)²
```

k साधारण 0.04 ते 0.06 ठेवतात. k = 0.04 धरून आपला कोपरा: १,५०,००० − २५,६०० = १,२४,४००. उभी कडा: ० − १४,४०० = −१४,४००. तिरकी कडा: −४०,०००. म्हणजे मोठा धन आकडा आला तर कोपरा, ऋण आला तर कडा, शून्याजवळ आला तर कोरी जागा. १९८८ च्या संगणकांवर प्रत्येक पिक्सेलला वर्गमूळ काढणं महाग होतं, म्हणून ही युक्ती. मी स्वतः समजावताना शी-टोमासी वापरतो, कारण ३०० या आकड्याचा अर्थ सांगता येतो: सर्वात वाईट दिशेला होणारा बदल. R चा असा सरळ अर्थ सांगता येत नाही.

कुठे फसतं आणि कसं ओळखायचं

*अंधुक प्रकाश.* रात्री सेन्सरमधला नॉईज वाढतो, म्हणजे पिक्सेलचे आकडे उगाच वरखाली होतात. नॉईजचं स्टँडर्ड डेव्हिएशन १ असेल, तर कोऱ्या भिंतीवरही a आणि c सरासरी प्रत्येकी १८ येतात (नऊ पिक्सेल, प्रत्येक वजाबाकीत दोन पिक्सेलचा नॉईज). ३०० समोर १८ म्हणजे काहीच नाही. पण नॉईज ४ झाला की वर्गामुळे ते सोळापट, म्हणजे २८८. आता कोरी भिंत आणि आपला कोपरा जवळपास सारखेच! म्हणून ग्रेडियंट काढायच्या आधी चित्र थोडं ब्लर करतात आणि खिडकी मोठी घेतात.

ओळखायचं कसं? फोन स्टँडवर ठेवा आणि लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये कोपरे शोधा. खरे कोपरे जागेवर राहतात, नॉईजचे कोपरे दर फ्रेमला इकडून तिकडे उड्या मारतात.

*मर्यादा किती ठेवायची.* सगळ्या पिक्सेलमध्ये ५० मिळवले तर उतार तोच राहतो, आयगेनव्हॅल्यूही त्याच. पण कॉन्ट्रास्ट दुप्पट केला, म्हणजे १० च्या जागी २० आले, तर त्या चौपट होतात: २००० आणि १२००. त्यामुळे "३०० च्या वर असेल तर कोपरा" असा पक्का आकडा उन्हात आणि सावलीत सारखा चालत नाही. ओपनसीव्हीमधलं `goodFeaturesToTrack` यावर एक उपाय करतं: चित्रातल्या सर्वात चांगल्या कोपऱ्याच्या तुलनेत मर्यादा ठरवतं. `qualityLevel` 0.01 दिला तर सर्वोत्तम गुणाच्या १ टक्क्याहून कमी असलेले बिंदू बाद. पण कॅमेरा पूर्ण कोऱ्या भिंतीकडे असेल तर सर्वोत्तम गुणच नॉईजचा असतो, आणि मग सगळा कचरा पास होतो. म्हणून सोबत एक किमान आकडा हवाच.

*कोपरा नसलेला कोपरा.* पॅचमध्ये फक्त मधला एक पिक्सेल १० आणि बाकी सगळे ० ठेवून बघा. a = २००, c = २००, b = ०, दोन्ही आयगेनव्हॅल्यू २००. गणिताच्या दृष्टीने हा झकास कोपरा आहे, कारण एकटा ठिपका कुठेही सरकला तरी कळतो. पण तो सेन्सरमधला अडकलेला पिक्सेल असेल तर? दृश्य हलतं आणि तो मात्र प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी बसून राहतो. स्टॅबिलायझेशनला वाटतं की कॅमेरा हललाच नाही.

याहून फसवी जागा म्हणजे विजेचा खांब आणि मागच्या इमारतीच्या गच्चीची कडा जिथे एकमेकांना छेदताना दिसतात ती. फोटोत तिथे सुंदर कोपरा आहे, पण जगात तसा बिंदूच नाही. तुम्ही दोन पावलं बाजूला गेलात की तो कोपरा गच्चीच्या कडेवरून सरकतो. एका फ्रेमवरून हे कळत नाही, आयगेनव्हॅल्यू कितीही मोठी असली तरी. बरेच बिंदू एकत्र घेऊन जे बाकीच्यांपेक्षा वेगळ्याच दिशेने जातात त्यांना नंतर काढून टाकावं लागतं.

*झूम.* आपली खिडकी ३×३ ची आहे. एखादा गोलाकार कोपरा लांबून टोकदार दिसतो, पण जवळ गेलं की त्या खिडकीत फक्त थोडी वाकलेली कडा मावते आणि लहान आयगेनव्हॅल्यू घसरते. फोन फिरवला तर ही पद्धत टिकते, झूम केला तर टिकेलच असं नाही.

स्वतः करून बघा

हा कोड आपलाच पॅच घेतो आणि `[300. 500.]` छापतो:

```python
import numpy as np
I = np.zeros((5, 5))
I[2:, 2:] = 10
gx = I[1:-1, 2:] - I[1:-1, :-2]
gy = I[2:, 1:-1] - I[:-2, 1:-1]
a, b, c = (gx*gx).sum(), (gx*gy).sum(), (gy*gy).sum()
print(np.linalg.eigvalsh([[a, b], [b, c]]))
```

फोनवरच्या कुठल्याही पायथन ॲपमध्ये, नमपाय असेल तर, हे चालतं. आता तिसरी ओळ `I[2:, :3] = 10` करा. उजळ चौकोन खाली-डावीकडे गेला. कोड चालवायच्या आधी कागदावर b काढा. gx ऋण होतो, म्हणून b = −१०० येईल. आयगेनव्हॅल्यू त्याच राहतील, ५०० आणि ३००, फक्त सर्वात चांगली आणि सर्वात वाईट दिशा यांची अदलाबदल होईल. तुमच्या कागदावर हेच आलं, तर `goodFeaturesToTrack` आत काय करतं यातला मुख्य भाग तुम्हाला समजला.